कापसाच्या खोल्यांतले पंखे

माझ्या नवऱ्याला एक खोड होती. कोणाच्याही घरी गेला, अगदी पाहुणा म्हणून गेला, तरी उंबऱ्यातून आत पाय टाकताच आधी वर बघायचा. यजमान पाण्याचा तांब्या घेऊन समोर उभे आणि याची मान छताकडे. पंखे मोजायचा. लग्नानंतर पहिल्यांदा माझ्या माहेरी आला तेव्हाही त्याने हेच केलं. माझ्या आईला वाटलं, जावई जाळीजळमटं शोधतोय. बिचारी दुसऱ्या दिवशी काठीला झाडू बांधून सगळं घर झाडत बसली.

आमचं दुकान मोताळ्याला. इन्व्हर्टर आणि बॅटऱ्यांचं. बॅटरी विकायची म्हणजे घर बघून यायचं, ही त्याची पद्धत. गिऱ्हाईक म्हणायचं, "मोठी द्या." हा म्हणायचा, "मोठी म्हंजे केवढी? घर पाहू द्या." मग मोटारसायकलला किक मारून कुठे रोहिणखेडकडे, कुठे घाटाच्या पायथ्याशी, प्रत्येक खोलीत शिरून वर बघून यायचा. दिवस जायचा, पेट्रोल जायचं, आणि तो परत येईपर्यंत गिऱ्हाईक मलकापुरातून दुसरीच बॅटरी उचलून मोकळं झालेलं असायचं. मी वैतागायचे. "तुम्हाले धंदा करायचा आहे का पंखे पाह्यचे आहेत?" असं मी त्याला गिऱ्हाइकांसमोरसुद्धा विचारलेलं आहे.

म्हणून कॅरोसेल मी सुरू केलं. मोबाईलवर एकापाठोपाठ एक बोटाने सरकवत बघायची चित्रं असतात, ते. दुकानाच्या नावाने खातं काढलं होतंच, त्यावर दिवाळीच्या शुभेच्छांखेरीज काही जात नव्हतं. मी म्हटलं, लोकांना घरबसल्या आपली बॅटरी आपणच ठरवता येईल असं काहीतरी करू. नवरा नाक मुरडत बसला, पण मजकूर त्यानेच सांगितला. तो सांगायचा ते कोटेशनच्या भाषेत, आणि मी ते माणसांच्या भाषेत आणायचे. दोघांची त्यावरून चांगलीच जुंपायची.

पहिल्या पाटीवर, म्हणजे पहिल्या चित्रावर, लिहिलं, 'बॅटरी घेताय? आधी घर मोजा.' दुसरीवर कोणती वस्तू किती वॅट खाते ते. साधा पंखा पंचाहत्तर, एलईडी दिवा दहा, कूलर दीडशे-दोनशे. तिसरीवर दोन प्रश्न, लाईट एका वेळी किती तास जाते, आणि आल्यावर बॅटरी पुरती भरेल इतकी टिकते का? हा दुसरा प्रश्न नवऱ्याचा. मला तो फालतू वाटला होता, पण तो हटला नाही. म्हणाला, अर्धी भरलेली बॅटरी कितीही मोठी असली तरी अर्धीच.

चौथीवर हिशोब. दोन पंखे दीडशे वॅट, तीन दिवे तीस, झाले एकशे ऐंशी. तीन तास चालवायचे तर पाचशे चाळीस. बॅटरी बारा व्होल्टची, म्हणून बाराने भागा, पंचेचाळीस. पण थोडी वीज इन्व्हर्टरमध्येच वाया जाते आणि बॅटरी तळापर्यंत उपसायची नसते, म्हणून जवळपास दुप्पट धरा. म्हणजे शंभर अँपिअर-अवरची बॅटरी पुरे. पाचवीवर शंभर, दीडशे, दोनशे, कोणत्या घराला कोणती ते. सहावीवर बॅटरी कुठे ठेवायची, हवेशीर जागी, जळणाऱ्या वस्तूंपासून लांब. आणि शेवटच्या पाटीवर, 'अजून शंका आहे? तुमची पंख्यांची संख्या आणि तास आम्हाला पाठवा. घ्यायचीच असं काही नाही.' ते 'घ्यायचीच असं काही नाही' माझं. नवऱ्याला ते खटकलं होतं. पण त्या एका ओळीनेच लोक बोलू लागले.

आणि बोलू लागले म्हणजे काय, धोधो. दिवसभर मोबाईल वाजायचा. 'तीन पंखे, चार दिवे, दोन घंटे, कोणती घेऊ?' नवरा दुकानातच बसून उत्तर द्यायचा. गावोगाव हिंडणं थांबलं. मी खूश होते. नवरा मात्र उगाचच बेचैन वाटायचा. एकदा म्हणाला, "आता कोणाच्या घरचा चहा नाई राह्यला." मी म्हटलं, घरी करून देते, प्या.

त्या हिवाळ्याच्या शेवटी रोहिणखेडच्या बाजूच्या एका गावातले काका दुकानात आले. साठीतला माणूस, पांढरी टोपी, बेताची पण बरी शेती. त्यांच्याकडे मोबाईल होता आणि त्यात आमचं कॅरोसेल. त्यांची एकुलती एक मुलगी सुरतेला दिली होती, तिने ते बापाला पाठवलं होतं. काकांनी ते इतकं मन लावून वाचलं होतं की पाट्यांचा क्रमसुद्धा पाठ.

"पोरगी येऊन राह्यली बाळंतपणाले," ते म्हणाले. "पह्यलं आहे. सासू म्हणते, तुमच्याकडं लाईट नसते, उन्हायात पोरीचे हाल होतील, इथंच राहू द्या. म्या म्हटलं, लाईटीची काळजी मी घेतो."

आमच्याकडे पहिलं बाळंतपण माहेरी. दुसऱ्याला कोणी बोलावत नाही, ते सासरी होतं. म्हणजे बापाला ही संधी एकदाच. आणि काकांना एकच मुलगी. त्यांच्या बोलण्यात नुसती बॅटरी नव्हती हे मला त्याच वेळी कळलं, आणि मला ते फार आवडलं. आपल्या पाट्यांनी हा माणूस इथवर आणला याचं मला कोण कौतुक वाटलं होतं!

नवऱ्याने विचारलं, "पंखे किती चालतात घरी?"

"दोन. एक ओसरीतला, एक आम्ही झोपतो त्या खोलीतला. दिवे तीन. लाईट जाते तीन घंटे. तुमच्या चौथ्या पाटीवर हेच उदाहरण आहे ना भाऊ? मंग शंभरची."

खरंच, आमच्या उदाहरणातला आणि त्यांचा आकडा तोच होता. ते हसले, आम्हीही हसलो. नवऱ्याने तरी एकदा विचारलं, "पोरगी येईन तवा तिचा पंखा?"

"ती आमच्याच खोलीत झोपन मायजवळ. पंखा तोच."

बॅटरी बसवायला नवरा स्वतः गेला, आणि मीही गेले. मला सहाव्या पाटीसाठी एक चांगला फोटो हवा होता, खऱ्या घरात नीट ठेवलेल्या बॅटरीचा.

घर मोठं होतं. ओसरी, तिला लागून स्वयंपाकघर आणि झोपायची खोली, आणि मागे ओळीने तीन खोल्या. त्या तीनही खोल्या कापसाने भरलेल्या. भरलेल्या म्हणजे खाली जमीन दिसत नव्हती आणि वर ढीग छताला टेकत आलेला. दाराशी फळ्या आडव्या लावून कापूस अडवलेला, नाहीतर तो बाहेर सांडला असता. त्या वर्षी आमच्या भागात घरोघरी हेच होतं. आदल्या साली कापसाला कधी नव्हे तो भाव आला होता, म्हणून या साली कोणीच विकायला तयार नव्हतं. आज वाढेल, उद्या वाढेल. बीटी बियाणं आलं तेव्हा सांगितलं होतं की आता अळीची कटकट मिटली. पुढे गुलाबी अळी बोंडात जाऊन बसली ती बसलीच, फवारणीचा खर्च गेला तो गेला, आणि एवढं करून हाती आलेला कापूस माणसं उशाशी घेऊन झोपत होती. अंगाला खाज सुटायची. काकू बोलता बोलता दंड खाजवत होत्या. काकूंनी चहा दिला तेव्हा त्यातही एक तंतू तरंगत होता.

काकांना बॅटरी मधल्या खोलीच्या दारातच ठेवायची होती, बोर्डाजवळ, वायर कमी लागेल म्हणून. नवरा तिथे उखडला. "काका, बॅटरी भरताना गॅस सोडते. वायरीत ठिणगी पडली तर इथं काय होईल, समजते का?" काका म्हणाले, "आतापावतर कुठं काय झालं?" मग दोघांची बराच वेळ वादावादी. काकू माझ्या नवऱ्याच्या बाजूने. शेवटी बॅटरी ओसरीच्या पार कोपऱ्यात, खिडकीखाली नेली. वायर लांबली, भिंतीला पट्टी ठोकावी लागली. सगळा वेळ आमच्या तोंडी एकच शब्द, कापूस. कापूस लांब ठेवा, कापसाकडून वायर नेऊ नका, कापसाच्या खोलीत मुख्य बटण बंद ठेवा.

जुन्या घराचं वायरिंग एकाच लाईनवर होतं. सगळ्या खोल्या एकत्र, म्हणजे बॅटरीवरही सगळ्याच. नवरा म्हणाला, वेगळी लाईन ओढायची तर भिंती फोडाव्या लागतील. काका म्हणाले, "राहू द्या. चालवायचे तर दोनच पंखे आहेत."

मी बॅटरीचा फोटो काढला. मग सहज कापसाच्या खोलीचाही काढला, छान दिसत होतं म्हणून. ढिगाच्या वर, छताला अगदी लागून, पंख्याची तीन पाती अर्धी कापसात बुडालेली. मी नवऱ्याला दाखवलं आणि आम्ही हसलो, की बघा, पंख्याला गोधडी. एवढं बघूनही दोघांच्या डोक्यात काही आलं नाही. छत बघून पंखे मोजणारा माझा नवरा त्या दिवशी छताखालचा कापूस बघत राहिला.

भाव काही वाढला नाही. चैत्र संपता संपता, मुलगी यायची म्हणून, काकांनी कापूस विकून टाकला. दिवाळीत दिला असता तर जास्त मिळाले असते अशा भावात. पण त्याचं त्यांना तितकंसं दुःख नव्हतं म्हणे. घर मोकळं झालं, खोल्या सारवल्या, भिंतींना चुना दिला, पंखे धुऊन पुसून लखलखीत केले. हे सगळं मला नंतर काकूंनी सांगितलं.

मुलगी सातव्या महिन्याच्या शेवटी आली. एकटी नाही आली. सासू आणि जावई तिला सोडायला मलकापूरपर्यंत रेल्वेने आणि पुढे जीपने आले. सोडायला म्हणजे खरं तर बघायला आले होते, घर कसं आहे, लाईटीचं काय. आणि मग ती मायजवळ एका खोलीत झोपणार हे सगळं बाजूला पडलं. पाहुणे आलेत, तर जावयाला एक खोली, विहीणबाईंना एक, पोरीला वेगळी हवेशीर. प्रत्येकीत पंखा. जावयासाठी शेजाऱ्याकडून कूलर आणला.

दुपारी लाईट गेली. सकाळीही गेली होती, म्हणजे बॅटरी पुरती भरलेलीही नव्हती. पण पंखे थांबले नाहीत, आणि काकांची छाती फुगली. विहीणबाई म्हणाल्या, अरे वा, लाईट गेल्याचं कळलंसुद्धा नाही. तेव्हा काकांनी उठून स्वयंपाकघराजवळचे, ओसरीतले, होते नव्हते तेवढे पंखे लावले. ज्या खोलीत कोणी नव्हतं तिथलाही. काकू म्हणाल्या, "तो काऊन लावता?" तर म्हणाले, "फिरू दे वं. पाहू दे त्यायले."

दोन पंख्यांची बॅटरी. पाच पंखे आणि कूलर. तासाभरात इन्व्हर्टर पिक पिक करू लागला. काकांना वाटलं, काहीतरी बटण राहिलं असेल. मग सगळं एकदम बंद पडलं.

आमच्याकडचं वैशाखातलं ऊन ज्याने सोसलं आहे त्याला पुढचं सांगायला नको. नुकत्याच चुना दिलेल्या खोल्या, दुपारची वेळ, वाऱ्याचा पत्ता नाही. मुलीला घेरी आली. फार काही झालं नाही, ओल्या पंच्याने आणि लिंबूपाण्याने ती सावरली. पण विहीणबाईंनी पुढचं ऐकून घेतलं नाही. त्या वाईट बाई नव्हत्या, मला तसं मुळीच म्हणायचं नाही. मी त्यांच्या जागी असते तर मीही हेच केलं असतं. लाईट रात्रीपर्यंत आली नाही, आणि दुसऱ्या दिवशी ऊन चढायच्या आत ते मुलीला घेऊन मलकापूरला निघाले.

काकांचा फोन आला तो ते निघून गेल्यावर दोन दिवसांनी. रागावले नव्हते. उलट आवाज इतका मऊ होता की नवऱ्याला आधी काही कळेच ना. "भाऊ, बॅटरी एकाच घंट्यात सरली. असं होते का?"

"किती पंखे लावले होते?"

"सगळेच."

"सगळे म्हंजे? दोनच तर आहेत."

मग काका म्हणाले, "तवा कापूस होता ना खोल्यांत."

नवऱ्याने फोन खाली ठेवला आणि माझ्याकडे बघितलं. आम्हाला दोघांनाही तो फोटो आठवला. मी त्याच्यावर ओरडणारच होते. ओरडायचं तरी कोणावर? काकांनी खोटं सांगितलं नव्हतं. आम्ही विचारलं होतं, पंखे किती चालतात. त्या दिवसांत दोनच चालत होते.

नवऱ्याने त्याच दुपारी दुकान बंद केलं. त्या घराचा खरा हिशोब त्याने उभ्या उभ्या केला. एकाच बॅटरीवर चालणाऱ्या त्या इन्व्हर्टरला शेजारी दुसरी नुसती जोडून भागत नाही, आणि जुनीला नवी जोडणं त्याला कधीच पटलं नाही. म्हणून त्याने दोन बॅटऱ्यांवर चालणारा मोठा इन्व्हर्टर आणि दोन दीडशेच्या बॅटऱ्या टेम्पोत घातल्या. पैशाचं बोलणंच नव्हतं. "पोरीले परत बोलवा म्हणू," तो म्हणाला. "पाच पंखे तीन घंटे चालतील. मी सोता विहीणबाईशी बोलतो." मीही टेम्पोत चढले.

काका ओसरीत बसले होते. मागे तीनही खोल्यांची दारं उघडी. कापूस असताना जे घर भरल्यासारखं वाटलं होतं ते आता इतकं रिकामं, की आमच्या चपलांचा आवाज घुमत होता. एका खोलीत खाट टाकलेली, खाटेवर जुन्या सुती लुगड्यांची धुतलेली दुपटी घडी करून ठेवलेली.

नवरा टेम्पोतूनच म्हणाला, "काका, आणली. आज लावून देतो. फोन करा सुरतेले."

काकू दारात आल्या. त्यांनी नवऱ्याकडे बघितलं नाही, माझ्याकडे बघून सांगितलं, "आज आठवा लागला बाई तिले."

नवऱ्याला कळायला थोडा वेळ लागला. मला लगेच कळलं. आठव्या महिन्यात आमच्याकडे गरोदर बाईला घरातून हलवत नाहीत. वेशीबाहेर नेत नाहीत, मग सुरतेहून कुठलं? आणि नववा लागल्यावर तिकडचे डॉक्टरच रेल्वेत बसू देणार नाहीत. मी या आठव्याला मानते का? तेव्हा मानत नव्हते, आजही नाही. पण त्या ओसरीत उभी राहून काकूंना ते सांगायची माझी छाती झाली नाही. सांगितलं असतं तर काय झालं असतं, हे मी पुढे फार वेळा मनात घोळवलं. काही झालं नसतं.

मुलगा झाला. सुरतेलाच. काका-काकू बारशाला जाऊन आले.

पुढे मी कॅरोसेल नव्याने केलं. दुसऱ्या पाटीआधी एक पाटी घातली, 'आज चालणारे पंखे मोजू नका. घरातले सगळे पंखे मोजा. ज्या खोलीत आज कापूस आहे, सोयाबीन आहे, तिथलाही.' त्या पाटीवर कापसात बुडालेल्या पंख्याचा फोटो. आणि शेवटची पाटी बदलली. 'घाई नाही. आधी एवढंच कळवा, उन्हाळ्यात तुमच्या घरी कोण येणार आहे? बाकी आपण बोलू.' नवऱ्याने ती वाचली आणि या वेळी एक शब्दही बदलला नाही. तो पुन्हा घरं बघायलाही जाऊ लागला. मी आता काही बोलत नाही.

दिवाळीच्या आधी काका दुकानात आले. बॅटरीत टाकायचं पाणी संपलं होतं, ते न्यायला. नवरा बाहेर गेला होता. मी त्यांना पाण्याचा कॅन दिला आणि नवीन पाट्या दाखवल्या. त्यांनी चष्मा लावून एकेक बोटाने सरकवली. आपल्या खोलीचा फोटो ओळखला, पुढे सरकवला. शेवटची पाटी ओठ हलवत वाचली.

मी म्हटलं, "काका, तो मोठा इन्व्हर्टर अजून ठेवलाय तुमच्यासाठी. सांगाल तेव्हा बदलून देऊ. तुमचा हिशोब चुकला होता ना आमच्याकडून."

"नाई बाई," ते म्हणाले. त्यांनी मोबाईल मला परत दिला आणि पाण्याचा कॅन उचलला. "काऊन बदलता? चुकला नोता तुमचा हिशोब. आम्ही दोघंच आहो. दोन पंखे, तीन दिवे. शंभरची बक्कळ पुरते."